सव्वीस की सत्तावीस? ग्रॅच्युइटीतल्या शेवटच्या सहा महिन्यांचा हिशेब

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण खासगी नोकरीत असाल, किंवा घरातलं कुणी येत्या दोन-चार वर्षांत निवृत्त होणार असेल, तर शेवटपर्यंत वाचा. आकडेमोड पाचवीतल्या पोराला जमेल एवढीच आहे.

आमच्या गल्लीत एक तात्या आहेत. त्यांचं नाव लिहीत नाही, मिलचंही नाही, कारण तात्यांचा पुतण्या अजून तिथेच कामाला आहे. तात्या एका दाल मिलमध्ये काट्यावर होते. गाडी आली की भरलेली तोल, रिकामी तोल, पावती फाड, वहीत लिही. हे काम त्यांनी आयुष्यभर केलं. 31 डिसेंबर 2023 ला अठ्ठावन्न पूर्ण झाले म्हणून निवृत्त झाले. नारळ, शाल, मालकांबरोबर फोटो, सगळं रीतसर झालं. फेब्रुवारीत ग्रॅच्युइटीचा चेक आला, 2,73,000 रुपयांचा.

चेक घेऊन ते माझ्याकडे आले. "अरे, तू पेपरवाला आहेस, जरा बघ. यांनी सव्वीस वर्षं धरलीत. मी जूनमध्ये लागलो आणि डिसेंबरमध्ये सुटलो. मग वरचे सहा महिने गेले कुठं?"

हा प्रश्न ऐकायला साधा वाटतो, पण त्याच्या उत्तरावर पूर्ण एका वर्षाची रक्कम अवलंबून असते.

आधी कायदा काय म्हणतो ते बघू. ग्रॅच्युइटीचा कायदा 1972 चा. त्याच्या कलम 4 च्या पोटकलम 2 मध्ये हिशेब दिलेला आहे. पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षासाठी, किंवा वर्षाचा जो भाग सहा महिन्यांपेक्षा जास्त असेल त्यासाठीही, पंधरा दिवसांचा पगार द्यायचा. पगार म्हणजे शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता. महिन्याला पगार घेणाऱ्याच्या बाबतीत त्या रकमेला 26 ने भागायचं, कारण चार रविवार सोडले की महिन्यात कामाचे दिवस सव्वीस धरतात. आलेल्या आकड्याला 15 ने गुणलं की एका वर्षाची ग्रॅच्युइटी निघते. मग तिला वर्षांनी गुणायचं.

तात्यांचा शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 18,200 रुपये होता. 18,200 भागिले 26 म्हणजे दिवसाला 700. गुणिले 15 म्हणजे वर्षाला 10,500. सव्वीस वर्षांचे 2,73,000 होतात, म्हणजे मिलचा गुणाकार बरोबर होता. सत्तावीस वर्षांचे 2,83,500 होतात. भांडण होतं ते या मधल्या 10,500 रुपयांचं.

आता वर्षं मोजू. तात्या 11 जून 1997 ला रुजू झाले. 10 जून 2023 ला त्यांची 26 वर्षं पूर्ण झाली. पुढे 11 जूनपासून 10 डिसेंबरपर्यंत सहा महिने. त्यापुढे 11 डिसेंबर ते 31 डिसेंबर असे 21 दिवस. एकूण नोकरी 26 वर्षं, 6 महिने, 21 दिवस. शेवटचा तुकडा सहा महिन्यांपेक्षा जास्त आहे, म्हणून कायद्याने तो पूर्ण वर्ष धरायचा. म्हणजे सत्तावीस.

तात्यांनी अर्ज लिहिला आणि अकाउंटंटकडे दिला. तिथून जे पहिलं उत्तर आलं ते बऱ्याच ऑफिसांत मिळतं. "तात्या, ग्रॅच्युइटीला पूर्ण वर्षंच धरतात. वरचे महिने सुटतात."

हे चूक आहे. सुटतात ते सहा महिने किंवा त्याहून कमी असलेले तुकडे. सहाच्या वर गेलेला तुकडा वर्ष होतो. मी कलमाचा मराठी मजकूर एका कागदावर उतरवून तात्यांना दिला आणि तो दुसऱ्या अर्जाला जोडायला सांगितला.

मग दुसरं उत्तर आलं, आणि इथून खरी गंमत आहे. "मान्य. पण तुमची तारीख जून नाही, डिसेंबर आहे. तुम्ही 11 डिसेंबर 1997 ला कायम झालात. आमच्या रजिस्टरला तीच तारीख आहे. तिथून मोजली तर 26 वर्षं आणि 21 दिवस होतात. 21 दिवसांचं वर्ष कसं करणार?"

तात्यांचे पहिले सहा महिने प्रोबेशनचे होते. मिलच्या रजिस्टरमध्ये रुजू तारखेच्या रकान्यात कायम झाल्याची तारीख लिहिलेली. एकट्या तात्यांचीच नाही, सगळ्यांचीच तशी.

कायद्यात मात्र कायम, तात्पुरता, प्रोबेशनवरचा असा भेद नाही. तो विचारतो एवढंच, की सलग नोकरी किती? ती कामाच्या पहिल्या दिवसापासून सुरू होते. पहिल्या सहा महिन्यांत तात्यांनी त्याच काट्यावर, त्याच मालकाच्या गाड्या तोलल्या होत्या आणि त्याचा पगारही घेतला होता. तो काळ नोकरीतून वजा करायला कायद्यात कुठेही आधार नाही.

माझ्या डोक्यात मात्र वेगळाच प्रश्न आला. हे जर सगळ्यांच्या बाबतीत करत आले असतील, तर आजपर्यंत कुणी ओरडलं कसं नाही? तात्यांबरोबर त्याच दिवशी लागलेले एक गृहस्थ चार महिने आधी, 31 ऑगस्ट 2023 ला, निवृत्त झाले होते. ते छातीठोकपणे सांगत होते, "मला तर बरोबर मिळाली. मी दोनदा मोजली. तात्यांचंच काहीतरी चुकतंय."

त्यांचाही हिशेब मी मांडून बघितला. 11 जून 1997 ते 31 ऑगस्ट 2023 म्हणजे 26 वर्षं, 2 महिने, 21 दिवस. वरचा तुकडा सहा महिन्यांच्या आत, म्हणून 26 वर्षं. आता मिलच्या पद्धतीने, डिसेंबरपासून मोजा. 25 वर्षं, 8 महिने, 21 दिवस. तुकडा सहा महिन्यांच्या वर, म्हणून तीही 26 वर्षं! चुकीच्या तारखेने मोजलं तरी त्या माणसाला एक रुपयाही कमी मिळाला नव्हता.

इथं जरा थांबा, कारण या पोस्टचा गाभा हाच आहे. सुरुवातीचे सहा महिने खाल्ले तर प्रत्येकाचं अर्धं वर्ष जातं असं आपल्याला वाटतं. पण हिशेब पूर्ण वर्षांत होत असल्यामुळे तसं होत नाही. ज्याचा शेवटचा तुकडा सहा महिन्यांच्या आतला आहे, त्याचं बहुतेक वेळा काहीच जात नाही. आणि ज्याचा तुकडा सहा महिन्यांच्या वरचा आहे, त्याचं अख्खं वर्ष जातं. म्हणून एकाच पद्धतीने हिशेब होऊनही एकजण समाधानी असतो आणि दुसरा नाराज. समाधानी माणूस खरं बोलत असतो. पण त्याचा हिशेब बरोबर आला म्हणजे पद्धत बरोबर आहे असं नाही. गावात चार निवृत्तांना विचारून "सगळ्यांना असंच मिळतं" असं ठरवण्यात हाच धोका आहे.

तात्यांकडे सुदैवाने नेमणुकीचं पत्र होतं. पत्र्याच्या पेटीत, रेशनकार्डाच्या पिशवीत, घडीवर फाटलेलं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं, की आपणास दि. 11 जून 1997 पासून सहा महिन्यांच्या परिवीक्षा कालावधीवर नेमण्यात येत आहे. मिलनेच दिलेला कागद, त्यावर मिलचाच शिक्का. त्यापुढे रजिस्टरच्या रकान्याला काय किंमत? ज्यांच्याकडे पत्र नसेल त्यांनी पीएफच्या पोर्टलवर सर्व्हिस हिस्टरी बघावी, तिथे रुजू तारीख दिसते. फक्त एवढं लक्षात ठेवा, की काही ठिकाणी पीएफलासुद्धा माणूस उशिरा जोडलेला असतो. तेव्हा जुनी पगाराची पावती, हजेरीकार्ड, बँकेत पगार जमा झाल्याची पहिली नोंद, जे मिळेल ते जपून ठेवा.

पत्र दाखवल्यावर तिसरं उत्तर तयार होतं. "ठीक आहे, जून धरू. पण 2012 मध्ये तुम्ही 40 दिवस बिनपगारी होता. ते वजा केले तर तुमचे सहा महिने भरत नाहीत."

हे ऐकून तात्या खचले. 2012 मध्ये पायाचं हाड मोडलं होतं, प्लास्टर होतं, चाळीस दिवस घरी होते. वरचे दिवस फक्त 21. त्यातून 40 वजा केले तर तुकडा सहा महिन्यांच्या खाली जातो आणि सत्तावीसचे परत सव्वीस होतात. ज्याने कुणी ही शक्कल काढली त्याने हिशेब नीट केला होता, एवढं मान्य करावं लागेल.

पण याचं उत्तर कायद्यातच आहे. कलम 2-अ मध्ये सलग नोकरी कशाला म्हणायचं ते सांगितलंय. आजारपण, अपघात, रजा, ले-ऑफ, कामगाराचा दोष नसताना काम बंद राहणं, यांमुळे नोकरीत खंड पडत नाही. इतकंच काय, न सांगता गैरहजर राहिलेले दिवससुद्धा आपोआप खंड ठरत नाहीत. त्यासाठी स्थायी आदेश किंवा नियमांप्रमाणे, तो काळ सेवाखंड समजला जाईल असा हुकूम मालकाने रीतसर काढलेला असावा लागतो. तात्यांच्या बाबतीत असा कुठलाही हुकूम नव्हता, उलट रजेचा अर्ज मंजूर केल्याची सही होती. रजा बिनपगारी होती म्हणून त्या महिन्याचा पगार कापला, तो कापून झाला. तेच दिवस अकरा वर्षांनी नोकरीतून पुन्हा कापता येत नाहीत.

तिन्ही उत्तरं मी एकाखाली एक लिहून बघितली. पूर्ण वर्षंच धरतात. तुमची तारीख वेगळी आहे. तुमचे दिवस कमी भरतात. पहिलं उत्तर नियमच नाकारतं. दुसरं सुरुवात पुढे ढकलतं, तिसरं मधले दिवस खातं. शेवटचा तुकडा सहा महिन्यांच्या आसपास असला की एवढंसं सरकवलं तरी पुरतं, म्हणून वाद नेमका तिथेच होतो. तुमचा तुकडा दोन महिन्यांचा किंवा दहा महिन्यांचा असेल तर चाळीस दिवसांनी काही बिघडत नाही. पाच ते सात महिन्यांच्या मधला असेल, तर प्रत्येक तारखेचा कागद हातात ठेवा.

आता दुसऱ्या बाजूची गोष्ट. सहा महिन्यांपेक्षा जास्त म्हणजे जास्तच. बरोबर सहा महिने भरले तर तो तुकडा वर्ष होत नाही. तात्या 10 डिसेंबरला सुटले असते तर 26 वर्षं आणि बरोबर 6 महिने झाले असते, आणि मिलचे सव्वीसच बरोबर ठरले असते. 11 डिसेंबरला एक दिवस जास्त भरला असता की सत्तावीस.

कुणी म्हणेल, इतक्या काटेकोर तारखेला कोण सुटतं? सुटतात ना. आपल्याकडे माणसं एक तारखेला रुजू होतात आणि महिनाअखेरीला निवृत्त होतात. 1 जुलै 2005 ला रुजू झालेला माणूस 31 डिसेंबर 2023 ला निवृत्त झाला, तर त्याची नोकरी 18 वर्षं आणि बरोबर 6 महिने. त्याला अठराच वर्षांची मिळणार. एक दिवस आधी, 30 जूनला रुजू झाला असता तर एकोणीसची मिळाली असती. 1 जानेवारीला लागून 30 जूनला सुटणाऱ्याचंही तसंच. निवृत्तीची तारीख आपल्या हातात नसते, त्यामुळे तिथे इलाज नाही. पण राजीनामा देणाऱ्याच्या हातात असते. राजीनाम्यात शेवटचा दिवस लिहिण्याआधी रुजू तारखेपासून बोटांवर मोजा. चार दिवस पुढची तारीख टाकल्याने वर्ष भरत असेल तर ती टाका.

यात नोटिशीचा मुद्दा येतो. नोटिशीचा महिना तुम्ही कामावर भरलात तर तो नोकरीत धरला जातो. पण "नोटिशीचा पगार घ्या आणि आजच मोकळे व्हा" असं ठरलं, तर नोकरी त्याच दिवशी संपते. तो पगाराचा महिना तुमच्या सहा महिन्यांत मोजला जात नाही. घाईत सही करताना हे सुटून जातं.

आता सगळ्यात जास्त गोंधळ कुठे होतो ते सांगतो. एका खासगी दवाखान्यातल्या सिस्टरचा मला मेसेज आला होता. "दादा, मला 4 वर्षं 7 महिने झालेत. सहा महिन्यांच्या वर आहे म्हणजे पाच धरतील ना? मग राजीनामा देऊ का?"

ताई, थांबा. या कायद्यात दोन दारं आहेत. पहिलं दार कलम 4 च्या पोटकलम 1 चं. मुळात ग्रॅच्युइटी मिळायलाच पाच वर्षांची सलग नोकरी लागते. मृत्यू झाला किंवा अपघात-आजाराने कायमचं अपंगत्व आलं, तर ही अट नाही. दुसरं दार पोटकलम 2 चं, म्हणजे हिशेबाचं. सहा महिन्यांचा नियम या दुसऱ्या दारावर लागतो. पहिल्या दारातून आत गेलेल्या माणसाची वर्षं मोजताना तो वापरायचा. त्याच्या जोरावर 4 वर्षं 7 महिन्यांची पाच वर्षं करून पहिलं दार उघडता येत नाही.

मग लोक ते "4 वर्षं 240 दिवस" म्हणतात ते काय? ते वेगळ्या कलमातून, त्याच 2-अ मधून आलेलं आहे. वर्षात 240 दिवस काम भरलं तर ते वर्ष सलग नोकरीचं समजतात. जिथे आठवड्याला सहा दिवसांपेक्षा कमी काम चालतं तिथे, आणि खाणीत जमिनीखाली काम करणाऱ्यांना, 190 दिवस. या कलमाच्या आधारे, पाचव्या वर्षात 240 दिवस भरले तर पाच वर्षं झाली असं मानणारा निकाल मद्रास उच्च न्यायालयाने दिलेला आहे. पण तो निकाल मद्रासचा आहे. आपल्याकडचा मालक तो मुकाट्याने मानेल असं गृहीत धरून राजीनामा देऊ नका. पाच महिन्यांसाठी वाद अंगावर घेण्यापेक्षा पाच वर्षं भरून बाहेर पडलेलं बरं. त्या ताईंना मी हेच कळवलं.

हा नियम कुणाला लागत नाही तेही सांगतो, नाहीतर कमेंटमध्ये गुरुजी मंडळी मला धारेवर धरतील. सरकारी नोकरीतल्या पेन्शनवाल्यांचे नियम निराळे. केंद्राच्या पेन्शन नियमांत हिशेब वर्षांत नसतो, सहामाहीत असतो, आणि उरलेले तीन महिने किंवा त्याहून जास्त असतील तर ती एक सहामाही धरतात. साखर कारखान्यातल्या हंगामी कामगारांचा हिशेबही वेगळा, दर हंगामाला सात दिवसांचा पगार. तिथे शेवटच्या सहा महिन्यांचा प्रश्नच येत नाही.

आणि नवा कायदा? 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 लागू झाली. ग्रॅच्युइटी आता तिच्या कलम 53 मध्ये आहे. पूर्ण वर्ष किंवा सहा महिन्यांपेक्षा जास्त असलेला भाग, हे शब्द तिथेही तसेच ठेवलेत. त्यामुळे कायम नोकरीतल्या माणसासाठी वर्षं मोजायची रीत बदललेली नाही. बदल आहे तो मुदतीच्या करारावरच्या कामगारांसाठी. करार संपल्यावर त्यांना पाच वर्षांची अट नाही, आणि जितकी नोकरी तितक्या प्रमाणात रक्कम मिळते. त्यांच्या बाबतीत तुकडा वर वाढवायचा किंवा सोडून द्यायचा हा भाग राहत नाही. नोकरीत असताना वारलेल्या कर्मचाऱ्याच्या वारसांनाही संहितेत तसंच प्रमाणात द्यायचं म्हटलंय. आमच्या श्रमिक पत्रकारांना पाचऐवजी तीन वर्षांची अट आहे. अर्थात तालुक्याचा वार्ताहर बहुतेक वेळा मानधनावर असतो, कागदावर तो कुणाचाच नोकर नसतो, त्यामुळे माझे कितीतरी सोबती तीसही भरू शकतात आणि शून्यही.

आता तात्यांचं पुढे काय झालं ते.

तात्या 2023 चे, म्हणून त्यांना जुना कायदा. त्यात ग्रॅच्युइटी देय झाल्यापासून 30 दिवसांत द्यावी लागते. कामगाराने फॉर्म आय भरून अर्ज करायचा असतो, पण त्याने अर्ज केला नाही तरी हिशेब करून कळवणं ही मालकाची जबाबदारी. अर्ज उशिरा केला एवढ्याच कारणावरून हक्क बुडत नाही. रक्कम वेळेत दिली नाही तर सरळव्याज लागतं, दर साल दर शेकडा 10. आणि मालक ऐकतच नसेल तर फॉर्म एन भरून नियंत्रक प्राधिकाऱ्याकडे जायचं. आपल्या महाराष्ट्रात ते काम कामगार न्यायालयाकडे होतं. मुदत 90 दिवसांची, योग्य कारण असेल तर उशीर माफ होतो.

तात्यांनी उन्हाळा वाट बघण्यात घालवला, पावसाळा उत्तरं ऐकण्यात. सप्टेंबरमध्ये त्यांनी शेवटचं पत्र दिलं. त्यात भांडण नव्हतं, नुसता तक्ता होता. रुजू तारीख, पत्राची झेरॉक्स, सुटल्याची तारीख, 26 वर्षं 6 महिने 21 दिवस, कलम 4 चं पोटकलम 2, कलम 2-अ, देय 2,83,500, मिळाले 2,73,000, बाकी 10,500. खाली एकच ओळ, की पंधरा दिवसांत रक्कम व्याजासह न मिळाल्यास फॉर्म एन दाखल करण्यात येईल. पत्र रजिस्टर्ड पोस्टाने, पोचपावतीसह पाठवलं. आधीचे दोन्ही अर्ज त्यांनी हातात दिले होते, त्यांच्या पोच नव्हत्या.

30 सप्टेंबरला मिलने बोलावून चेक दिला, 10,500 चा. तात्यांनी तिथेच विचारलं, "आणि व्याज?" अकाउंटंट हसला. तात्या हसले नाहीत. 31 जानेवारीला पैसे यायला हवे होते, त्याला आठ महिने झाले. 10,500 वर वर्षाला 10 टक्क्यांनी 1,050, आठ महिन्यांचे 700. म्हणजे काट्यावरची त्यांची एका दिवसाची मजुरी. अर्ध्या तासाने व्हाउचर झालं आणि 700 रुपये रोख मिळाले.

मी म्हटलं, "तात्या, सातशेसाठी कशाला एवढं ताणलं?" तर म्हणाले, "काट्यावर होतो मी. पाच किलो कमी भरलं तर मालक गाडी परत लावायचे. मग हे कसं सोडू?"

पण विषय इथे संपत नाही. मिलच्या रजिस्टरमध्ये सगळ्यांच्या रुजू तारखा अजून सहा महिने पुढच्याच आहेत. तात्यांनी आपल्याआधी निवृत्त झालेल्या सात जणांची यादी केली आणि आम्ही दोघांनी ती मोजली. पाच जणांचा शेवटचा तुकडा सहा महिन्यांच्या आत होता, त्यांचं काही गेलं नाही. दोघांचा सात आणि नऊ महिन्यांचा निघाला. दोघांचंही एकेक वर्ष गेलंय. एकाकडे नेमणुकीचं पत्र आहे, त्याने अर्ज दिलाय. दुसरा वारला. त्याच्या घरी कागद शोधतायत.

तेव्हा आज रात्री एवढं करा. घरातलं नेमणुकीचं पत्र काढा, त्याचा मोबाईलमध्ये फोटो घ्या, आणि ऑफिसच्या रजिस्टरला किंवा पगाराच्या पावतीवर कोणती रुजू तारीख आहे ती ताडून बघा. दोन तारखा वेगळ्या निघाल्या तर नोकरीत असतानाच दुरुस्तीचा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. आणि त्याच मिलमध्ये असलेल्या कुणी ही पोस्ट वाचली असेल, तर मला इनबॉक्सला फक्त दोन तारखा पाठवा, लागल्याची आणि सुटल्याची. बाकीचं मोजून सांगतो.